ताप गेला, खोकला का जात नाही?

दिवाळी सरून थंडी पडू लागली की ओझर, शिरोली, धालेवाडी या भागांतल्या घराघरांतून एकाच तऱ्हेचे आजारपण फिरू लागते. आधी नाक गळते, घसा खवखवतो, मग दोन-चार दिवस ताप आणि अंगदुखी. ताप उतरतो, माणूस शेतावर जाऊ लागतो, जेवण पूर्ववत होते. मागे राहतो तो फक्त कोरडा खोकला. बोलताना ढास लागते, हसताना उबळ येते, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की घशात गुदगुल्या सुरू होतात. दहा-बारा दिवस झाले की रुग्ण दवाखान्यात येऊन म्हणतो, "डॉक्टर, ताप कधीच गेला, पण हा खोकला काही हटत नाही बघा. छातीत काही राहिलंय का?"

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा "नाही" असे असते, पण नेहमीच नाही. त्यातला फरक कसा ओळखायचा, याविषयी आज लिहीत आहे.

आपल्या श्वासनलिकेला आतून एक नाजूक अस्तर असते. या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असून ते सतत हलत राहतात आणि धूळ व चिकट स्राव वर घशाकडे ढकलतात. सर्दी-तापाचे विषाणू नेमके याच अस्तरात वाढतात आणि ते जागोजागी सोलवटून काढतात. ताप उतरला याचा अर्थ विषाणूंचा जोर संपला एवढाच. सोलवटलेली जागा भरून यायची असते. गुडघा खरचटल्यावर त्या जागेला नुसता वारा लागला तरी झोंबतो, तसेच येथे घडते. अस्तराखालच्या ज्या मज्जातंतूंमुळे खोकला येतो, ते उघडे पडलेले असतात आणि एरवी जाणवतही नाही अशा गोष्टीने चवताळतात. मिरचीची फोडणी, उदबत्ती, पाचट जाळल्याचा धूर, पहाटेची गार हवा, एवढेच काय पण लांबलेले बोलणे, यांपैकी काहीही पुरते. म्हणून हा खोकला कोरडा असतो. बाहेर टाकण्यासारखे आत फारसे काही नसतेच. दुरुस्ती चालू असल्याचे ते लक्षण आहे.

या दुरुस्तीला किती दिवस लागतात, याबद्दलची आपली कल्पना आणि वस्तुस्थिती यांत बरेच अंतर आहे. 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्वसामान्य लोकांना विचारले होते की असा खोकला किती दिवस राहील असे तुम्हाला वाटते. बहुतेकांचा अंदाज सात ते नऊ दिवसांचा निघाला. प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सरासरी सुमारे 18 दिवसांची आली. सरासरी 18 म्हणजे काहींचा दहा दिवसांत गेला आणि काहींचा महिनाभर टिकला. वैद्यकशास्त्रात तीन आठवड्यांपर्यंतच्या खोकल्याला तीव्र, म्हणजे अल्पकाळाचा खोकला म्हणतात, आणि आठ आठवड्यांच्या पुढे गेलेल्याला जुनाट. मधल्या तीन ते आठ आठवड्यांच्या पट्ट्यात जे रुग्ण येतात, त्यांच्यातला मोठा वाटा या विषाणूनंतरच्या खोकल्याचाच असतो. 2020 आणि 2021 साली कोविडमधून उठलेल्या अनेकांनी हा अनुभव घेतलेला आहे.

मात्र अंदाज आणि वस्तुस्थिती यांतल्या या फरकातच सगळा घोटाळा होतो. आठव्या-नवव्या दिवशी माणसाचा धीर सुटतो. मग बाटली बदलते, डॉक्टर बदलतो, एकामागून एक प्रतिजैविके, म्हणजे ज्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो ती, सुरू होतात. आणि अठराव्या दिवशी खोकला आपोआप थांबला की शेवटच्या गोळीला श्रेय मिळते!

एक उदाहरण तपशिलाने पाहू. बेचाळीस वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ, कांद्याचे पीक, स्वतः पाणी भरणारे. डिसेंबरात घरातल्या चौघांनाही ताप आला. बायको आणि मुले दहा-बारा दिवसांत खडखडीत बरी झाली. यांचा खोकला मात्र चोविसाव्या दिवशीही होता. तोवर खोकल्याच्या तीन बाटल्या आणि अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले होते. सर्वांत जास्त त्रास कधी, असे विचारल्यावर म्हणाले, "रात्री लाईट आल्यावर मोटर चालू करायला जातो ना, तेव्हा. बांधावर गार वारं लागलं की ढास सुटते ती थांबतच नाही."

खोकल्याच्या रुग्णाला मी जे प्रश्न विचारतो ते त्यांनाही विचारले. बेडका पडतो का? नाही. कधी रक्ताचा अंश? नाही. संध्याकाळी अंग कोमट होते का, रात्री घामाने कपडे भिजतात का? नाही. भूक? नेहमीसारखी. विडी-सिगारेट? नाही. रक्तदाबाची गोळी? नाही. मधुमेह? नाही. लहानपणी दमा, किंवा घरात कोणाला दमा? नाही. चढ चढताना धाप? नाही. वजन काट्यावर केले, ते 62 किलो भरले. आदल्या वर्षीच्या केसपेपरवरही 62 च होते. ही जुनी नोंद फार मोलाची असते, कारण "वजन कमी झाल्यासारखं वाटतंय" हे जवळजवळ प्रत्येक खोकणारा म्हणतो. अंगात ताप नव्हता, श्वासाची गती मिनिटाला 16, बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू 97 टक्के. छातीला नळी लावून पुढून-मागून ऐकले, तेव्हा दोन्ही बाजूंना हवा स्वच्छ जात होती. शिट्टीसारखा आवाज नाही, करकर नाही.

लक्षणांवरून हा विषाणूनंतरचा खोकला दिसत होता. तरीही मी त्यांना थुंकीच्या तपासणीला आणि छातीच्या एक्स-रेला पाठवले. ते का, ते पुढे सांगतो. दोन्ही निर्दोष आले. त्यानंतर उपचार म्हणाल तर मुख्यतः काढून घेण्याचा होता. अँटिबायोटिक बंद, बाटल्या बंद. रात्री बाहेर पडताना नाका-तोंडावरून मफलर गुंडाळायचा, म्हणजे आत जाणारी हवा जरा उबदार होते. झोपताना एक चमचा मध, उशाशी कोमट पाण्याचा तांब्या. ढास येईल असे वाटताच एक घोट पाणी गिळायचे आणि तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, कारण प्रत्येक जोराचा खोकला त्या सोलवटलेल्या जागेला पुन्हा घासतो आणि खोकल्यातून खोकला वाढतो.

याशिवाय एक काम दिले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज सकाळी एक आकडा लिहायचा : रात्री खोकल्याने किती वेळा जाग आली. पहिल्या रात्रीचा आकडा सहा होता. आठवड्याने चार, आणखी आठवड्याने एक-दोन. मध्येच एका लग्नातल्या धुळीने पुन्हा पाचवर गेला आणि दोन दिवसांत उतरला. एकेचाळिसाव्या दिवसानंतर त्या चौकटी कोऱ्या राहिल्या.

माझ्या मते घरच्या घरी करता येण्याजोगी ही सर्वांत उपयोगाची तपासणी आहे. खोकला किती दिवसांचा झाला हे महत्त्वाचे आहेच, पण तो कोणत्या दिशेने चालला आहे हे त्याहून अधिक बोलते. बरा होणारा खोकला उताराला लागलेला असतो, कितीही सावकाश का असेना. रोजचा फरक कळत नाही, एखादा दिवस वाईटही जातो, पण या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना केली की घट दिसते. दोन आठवडे आकडा जागचा हलत नसेल, किंवा चढत असेल, तर दुरुस्तीचे काम अडले आहे किंवा कारणच दुसरे आहे असे समजावे.

आता थुंकीच्या तपासणीविषयी. परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते की विषाणूनंतरचा खोकला असेल आणि इतर धोक्याची लक्षणे नसतील तर आठ आठवड्यांपर्यंत वाट पाहण्यास हरकत नाही. ते त्यांच्या देशात ठीक आहे. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी सुमारे एक भारतात आहे. म्हणून आपल्याकडच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम वेगळा आहे : खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला की क्षयरोगाची तपासणी करावी. पूर्वी ही मर्यादा तीन आठवडे होती. 2009 साली ती दोनवर आणली. काही वाचकांना यात विरोधाभास वाटेल. अठरा दिवसांचा खोकला साधारण म्हणायचा आणि चौदाव्या दिवशी तपासणीही करायची, हे कसे? पण हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. तपासणी केली म्हणजे क्षय आहे असे कोणी म्हटलेले नसते. तपासलेल्यांपैकी बहुतेकांची थुंकी निर्दोषच येते आणि ते निश्चिंतपणे खोकला थांबण्याची वाट पाहू शकतात. ज्या थोड्यांची दोषी येते त्यांचे, आणि त्यांच्या घरातल्या लेकरांचे, पुढचे कितीतरी महिने वाचतात.

याचीही एक हकिकत सांगतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात गाड्या भरण्याचे काम करणारा सत्तावीस वर्षांचा तरुण. त्यालाही आधी सर्दी-ताप झाला होता, म्हणून खोकला त्याचाच, असे घरचे सगळे धरून चालले होते. पाच आठवडे झाले. खोकला कोरडाच होता, रक्त वगैरे काही नाही. पण विचारल्यावर कळले की संध्याकाळी अंग मोडून येते, पँटचा पट्टा दोन भोके आत गेला आहे, आणि खोकला पहिल्यापेक्षा वाढला आहे. काट्यावर चार किलो वजन कमी भरले. थुंकी देण्यास तो तयार नव्हता. घरात लग्नाची बोलणी चालू होती आणि तपासणीचे नाव जरी बाहेर फुटले तरी सोयरिक मोडेल, असे त्याच्या आईला वाटत होते. अखेर सकाळी लवकर येऊन नमुना दिला, त्यात क्षयाचे जंतू सापडले. सहा महिन्यांचे औषध त्याने नेटाने पुरे केले आणि तो बरा झाला. सर्दी-ताप खरा होता, फक्त खोकला त्याचा नव्हता. घरात नुकताच कोणाला ताप येऊन गेला असला की क्षयाला लपायला अशी आयती जागा मिळते.

ही तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. आपल्या भागात नारायणगाव व जुन्नरची ग्रामीण रुग्णालये आहेत, आंबेगावकरांना मंचरचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारले तरी त्या वाट दाखवतात. साधारणतः दोन नमुने घेतात, एक त्याच वेळी आणि एक सकाळी उठल्याबरोबरचा. सकाळचा महत्त्वाचा, कारण रात्रभर आत साठलेले त्यात येते. नमुना चुकीचा दिला तर तपासणी फुकट जाते, म्हणून पद्धत ध्यानात ठेवावी. काही खाण्यापूर्वी नुसत्या पाण्याने चूळ भरावी. मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर उभे राहून दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा, आणि छातीतून जोरात खोकून जे येईल ते डबीत घ्यावे. तोंडातली लाळ म्हणजे थुंकी नव्हे. कोरड्या खोकल्यात काहींना काहीच पडत नाही. अशांनी लाळ भरून देण्यापेक्षा तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे छातीच्या एक्स-रेवरून पुढचे ठरवता येते.

येथेच अँटिबायोटिकचा मुद्दा येतो. विषाणूंवर ती चालत नाहीत आणि विषाणूनंतरच्या खोकल्यावर तर मुळीच नाहीत. पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही. लिव्होफ्लॉक्सॅसिनच्या गटातली काही औषधे क्षयाच्या जंतूंनाही थोडीफार दाबतात. अशा औषधाचा पाच-सात दिवसांचा कोर्स घेतला की क्षयरुग्णालाही तात्पुरते बरे वाटते, थुंकीत जंतू सापडेनासे होतात, आणि निदान काही आठवड्यांनी मागे पडते. म्हणून दुकानातून "खोकल्याची स्ट्राँग गोळी" मागून घेऊ नये. आणि थुंकी तपासायला जाल तेव्हा आधी काय काय घेतले त्याच्या रिकाम्या पट्ट्या बरोबर न्याव्यात.

सर्दी-तापाच्या आड लपणारी आणखी दोन कारणे मला वारंवार दिसतात. पहिले कारण रक्तदाबाची गोळी. ज्या औषधाच्या नावाच्या शेवटी "प्रिल" येते, जसे एनालाप्रिल, रामिप्रिल, त्याने काही जणांना कोरडा, चिवट खोकला लागतो. गोळी सुरू केल्यावर आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही तो सुरू होऊ शकतो, त्यामुळे गोळीचा संशय येत नाही. उपाय सोपा आहे, डॉक्टर दुसऱ्या गटातले औषध देतात आणि बहुधा एक ते चार आठवड्यांत खोकला जातो, क्वचित जास्तही लागतात. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये.

दुसरे कारण दमा. ज्यात धाप जवळजवळ नसते आणि नुसता खोकलाच असतो, असाही दमा असतो. तो रात्री दोन-तीनच्या सुमारास किंवा पहाटे उठवतो, व्यायामाने वाढतो, दर वर्षी त्याच हंगामात येतो, आणि घरात कोणाला तरी दमा किंवा त्वचेची ॲलर्जी असते. सर्दी-ताप हे नुसते निमित्त होते. फुंकर मारायच्या साध्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळचा फरक पाहून याचा अंदाज येतो आणि पंपाने तो आटोक्यात राहतो. पंपाची सवय लागते ही समजूत खरी नाही. पंपातून औषध हवे तिथेच आणि अत्यंत अल्प प्रमाणात पोहोचते. बाटलीतले औषध मात्र पोटातून सगळ्या अंगभर फिरते.

काही लक्षणे अशी आहेत की तिथे दिवस मोजत बसू नये. खोकल्यातून रक्त पडणे. बसल्या जागी किंवा चार पावले चालताच धाप लागणे. श्वास घेताना छातीत एका बाजूला टोचणे. उतरलेला ताप दोन-चार दिवसांच्या विश्रांतीनंतर पुन्हा चढणे. हे बहुधा न्यूमोनियाचे लक्षण असते. यांत त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वजन घटणे, आवाज तीन आठवडे बसलेला राहणे, चाळिशी उलटलेल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा नेहमीचा खोकला बदलणे, यांत त्याच आठवड्यात जाऊन एक्स-रे काढावा. मधुमेही माणसाला क्षयाचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, तेव्हा त्याने चौदा दिवसांचीही वाट पाहू नये. आणि कोणतेही लक्षण नसले, थुंकी निर्दोष असली, तरी आठ आठवडे पूर्ण होऊन खोकला राहिलाच तर तो विषाणूच्या खात्यावर टाकता येत नाही. तिथून पुन्हा पहिल्यापासून शोध घ्यावा लागतो.

घरगुती उपायांपैकी मधाने रात्रीचा खोकला थोडा शमतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. हळद-दुधाने घशाला ऊब मिळते, घ्यावयाचे तर घ्यावे. वाफेने नाक मोकळे होते, पण खोकला लवकर जातो असे नाही. लहान मुले उकळत्या पाण्याच्या भांड्याने भाजल्याचे प्रकार घडतात, तेव्हा मुलांना वाफ देण्याच्या फंदात पडू नये. चुलीचा धूर मात्र खरोखर टाळावा. खोकणाऱ्या बाईने महिनाभर चुलीपासून लांब राहावे असे मी सांगतो, तेव्हा घरातली इतर मंडळी एकमेकांकडे पाहतात! निदान पाणी तापवायचे आणि भाकरीचे काम तेवढे दिवस दुसऱ्या कोणी करावे.

मुलांविषयी दोन-तीन गोष्टी. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये, त्यातून क्वचित पण प्राणघातक विषबाधा होऊ शकते. मोठ्यांची खोकल्याची बाटली अर्धा चमचा करून मुलांना पाजू नये. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन अनेकांचे मृत्यू झाले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे पुन्हा बजावले. मूल खोकून खोकून निळे पडत असेल, उबळीच्या शेवटी उलटी होत असेल किंवा श्वास आत घेताना हूप असा आवाज येत असेल, तर तो डांग्या खोकला असू शकतो; लसीची नोंद असलेले कार्ड घेऊन लगेच दाखवावे. आणि मूल शांत झोपले असता त्याचे पोट उघडे करून घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचे 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक भरले, किंवा श्वासाबरोबर बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.